वर्ष फाटलेलं कॅलेंडरचं पान : आजोबांच्या मोजणीची नोंद कोणत्या सालची?

शिवार_बार्शी
नमस्कार मंडळी. सोबत जोडलेला फोटो वाचायला मदत हवी आहे. आजोबांच्या लोखंडी कपाटाच्या दाराला आतून कॅलेंडरचं एक पान चिकटवलेलं होतं. २०१९ मध्ये कपाट रंगवायला काढलं तेव्हा चुलत्यांनी मोबाईलवर एकच फोटो घेतला आणि पान खरवडून टाकलं. त्यामुळे आता जे काही आहे ते या फोटोतच.

निकड अशी की शेजाऱ्याशी बांधावरून वाद चालू आहे. आजोबांनी सरकारी मोजणी करून घेतली होती हे घरात सगळ्यांना माहीत आहे, पण कागद कुठेच सापडत नाहीत. आणि या पानावर एका चौकोनात आजोबांच्या अक्षरात स्पष्ट लिहिलंय : "मोजणी ता. १० वा. शेजारी सांगणे". त्याखाली "मो.र.नं.", म्हणजे मोजणी रजिस्टर नंबर, आणि एक तीन आकडी नंबर, ज्यातला मधला आकडा नीट लागत नाही. भूमी अभिलेख कार्यालयात साल विचारतात, आणि ते आम्हाला सांगता येत नाही. जमीन १९९२ मध्ये घेतली, म्हणजे मोजणी त्यानंतरचीच.

पानाचा वरचा भाग फाटलेला आहे, त्यामुळे महिन्याचं नाव, साल, शके काहीच नाही. वार डाव्या बाजूला उभे आहेत, रविवार सगळ्यात वर. चौकोनांचे पाच उभे रकाने. मधोमध फ्लॅशचा पांढरा डाग पडलाय आणि नेमका त्यात तीन-चार चौकोनांचे छापील आकडे गेलेत. रविवारच्या ओळीत एका चौकोनात लाल बारीक अक्षरात "…यादशमी" एवढं दिसतं, पण त्यावर पेनने काहीतरी लिहिलंय. शिवाय प्रत्येक चौकोनात पेनाचे दोन-दोन आकडे आहेत, ते कशाचे ते कळत नाही.

धनंजय_अ
फोटो पाहिला. पहिल्या रकान्यात शुक्रवारसमोर १, शनिवारसमोर २ आहे. म्हणजे महिना शुक्रवारी सुरू होतो, आणि ३१ दिसतेय म्हणजे महिना ३१ दिवसांचा. विजयादशमी आहे म्हणजे ऑक्टोबर. इथपर्यंत सरळ आहे.

पुढे मात्र अडचण आहे. कॅलेंडर ठरावीक वर्षांनी पुन्हा तसंच येतं. मोबाईलमध्ये मागे जाऊन बघितलं, शुक्रवारी सुरू होणारा ऑक्टोबर १९९९ ला आहे आणि २०१० लाही आहे. दोन्ही पानं अगदी सारखी. त्यामुळे नुसत्या पानावरून यातलं कोणतं हे सांगता येईल असं मला वाटत नाही.

शिवार_बार्शी
धन्यवाद धनंजय. एक गोष्ट विचारायची राहिली. सगळ्यात वरच्या डाव्या चौकोनात, म्हणजे १ तारखेच्याही आधी, आजोबांनी "६०॥" सारखं काहीतरी लिहून गोल केलाय. महिना सुरू व्हायच्या आधी हिशोब कसा काय?

नाना_प्रुफवाले
मी बरीच वर्षं कॅलेंडरच्या छपाईत प्रुफं तपासली आहेत, त्यामुळे ही पानं डोळ्यांसमोर आहेत. सावकाश सांगतो.

आधी त्या वरच्या डाव्या चौकोनाचं. आपल्याकडच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात वार उभे असतात आणि तारखा वरून खाली चालतात. रकाने पाचच ठेवायचे असतात, कारण सहावा घेतला की चौकोन अरुंद होतात आणि तिथी-सणांची बारीक अक्षरं मावत नाहीत. मग महिना शुक्रवारी सुरू झाला आणि ३१ दिवसांचा असला, की ३१ तारीख उरते. ती पहिल्या रकान्याच्या मोकळ्या चौकोनात, रविवारसमोर, वर नेऊन बसवतात. म्हणजे तो चौकोन महिन्याच्या आधीचा नाही, शेवटचा आहे. आडवं वाचायची सवय असलेल्यांना फोटोत हे हमखास चकवतं. रविवारची ओळ डावीकडून उजवीकडे अशी वाचायची : ३१, ३, १०, १७, २४.

आता धनंजय यांचं. वार जुळण्याबद्दल ते बरोबर आहेत, पण दोन्ही पानं सारखी नसतात. इंग्रजी तारीख आणि वार यांचं चक्र वेगळं, तिथीचं वेगळं. चौकटी सारख्या, पण आतली बारीक अक्षरं वेगळी. आणि आपल्याला साल तिथूनच काढायचं आहे.

१९९२ नंतर आणि २०१९ च्या आधी शुक्रवारी सुरू होणारे ऑक्टोबर चार : १९९३, १९९९, २००४ आणि २०१०. दसरा १९९३ ला २४ तारखेला होता, रविवारी. १९९९ ला १९ तारखेला, मंगळवारी. २००४ ला २२ तारखेला, शुक्रवारी. २०१० ला १७ तारखेला, पुन्हा रविवारी. तुमच्या पानावर दसरा रविवारच्या ओळीत आहे, तेव्हा मंगळवारचं १९९९ आणि शुक्रवारचं २००४ दोन्ही बाद. आकडा दिसत नसला तरी ओळ दिसते, तेवढं पुरतं.

उरले १९९३ आणि २०१०. एकात दसरा चौथ्या रकान्यात, दुसऱ्यात पाचव्या. फोटो तिरका घेतलाय आणि डाग त्या दोन्ही रकान्यांवर पसरलाय, त्यामुळे माझ्या डोळ्यांना हे ठरत नाही. मूळ फाईल मिळाली तर बघू.

अनुष्टुभ
नाना, एक भर घालतो. दर १९ वर्षांनी तिथी आणि इंग्रजी तारीख पुन्हा जुळतात. १९९३ ला दसरा २४ ऑक्टोबरला होता तसा २०१२ लाही २४ ऑक्टोबरलाच होता. मग २०१२ पण यादीत धरायला नको का?

नाना_प्रुफवाले
१९ वर्षांचं खरं आहे, कधी एखादा दिवस मागेपुढे होतो इतकंच. पण तारीख जुळली म्हणून वार जुळत नाही. २०१२ चा ऑक्टोबर सोमवारी सुरू झाला, त्यामुळे २४ तारीख बुधवारच्या ओळीत गेली. या पानावर १ तारीख शुक्रवारची आहे, ती डागात नाही. एका चक्रावर १९९९ सुटत नाही, दुसऱ्यावर २०१२ सुटत नाही. दोन्ही एकत्र लावली की हाती फार थोडी वर्षं राहतात.

राजेश_एनजे
चांगला धागा. आमच्याकडे न्यू जर्सीत नेहमी हाच गोंधळ असतो. भारतातून मागवलेल्या कॅलेंडरवर एकादशी एका दिवशी आणि इथल्या देवळाच्या पत्रकात आदल्या दिवशी. कोणतं चूक धरायचं?

नाना_प्रुफवाले
राजेशराव, दोन्ही बरोबर. चौकोनात छापतात ती त्या गावच्या सूर्योदयाला चालू असलेली तिथी. तिथी सगळ्या जगात एकाच क्षणी बदलते, पण तुमचा सूर्योदय आमच्यानंतर सुमारे नऊ ते अकरा तासांनी होतो, तोवर पुढची तिथी लागलेली असू शकते. इथल्या प्रश्नाला मात्र त्याची गरज नाही, पान बार्शीचंच आहे.

सुलभा_काकू
शिवार, तुझ्या आजोबांच्या आकड्यांकडे कुणी बघितलंच नाही अजून. अरे, हे दूध आहे! आमच्या सासऱ्यांची कॅलेंडरं अशीच भरलेली असायची. वरचा आकडा सकाळचा, खालचा संध्याकाळचा. डेअरीला घातलेलं लिटरमध्ये.

आणि ते "२॥" म्हणजे दोनशे अकरा नाही की एकवीस-एक नाही. आकड्यापुढे एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. म्हणजे २। सव्वादोन, २॥ अडीच, २॥। पावणेतीन. जुन्या माणसांनी शाळेत हेच लिहिलं. फोटोत या रेघा आखूड दिसतात आणि आकड्याला चिकटतात, म्हणून वाचणारा फसतो. तू वरच्या कोपऱ्यात ६०॥ म्हणालास ना, ते साडेसाठ.

गोल केलेले आकडे कुठे कुठे आहेत ते जरा बघ. डेअरीचं बिल दहा दिवसांनी निघतं. एक ते दहा, अकरा ते वीस, आणि एकवीस ते महिनाअखेर.

शिवार_बार्शी
काकू, गोल तीनच आहेत. एक रविवारच्या ओळीत तिसऱ्या रकान्यात, एक बुधवारच्या ओळीत, आणि तिसरा तो वरच्या डाव्या कोपऱ्यातला. बुधवारचा आकडा ५२ सारखा वाटतो, पुढे रेघा आहेत की कागदाची सुरकुती ते कळत नाही. बहुतेक चौकोनांत वर ३ आणि खाली २॥ आहे.

रेवा_स्कॅन
मी जुने फोटो साफ करायचं काम करते, त्यामुळे दोन गोष्टी सांगते.

पहिली, धाग्यावर टाकलेला फोटो व्हॉट्सॲपवरून आलेला आहे. त्यात बारीक अक्षरं आधीच चिरडली गेलीत, मोठा करून फक्त चौकोनी ठिपके दिसतील. काकांच्या फोनमध्ये मूळ फोटो असेल तर तो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवायला सांगा, तसा पाठवला की दाबला जात नाही.

दुसरी, छापील सण लाल शाईत आहेत आणि आजोबांचं पेन निळं आहे. याचा फायदा घेता येतो. रंगीत फोटो लाल, हिरवा, निळा अशा तीन थरांचा असतो. फक्त लाल थर बघितला तर लाल छपाई कागदाइतकीच उजळ होऊन जवळजवळ नाहीशी होते आणि निळं पेन काळंभोर उरतं. हिरव्या थरात लाल अक्षरं गडद होतात. तिथे पेनही दिसतं, पण लाल थरात पेन कुठून कुठे गेलंय ते कळलेलं असतं, त्यामुळे खालचं छापील अक्षर मनातल्या मनात वेगळं करता येतं.

संगणकावर इमेजमॅजिक असेल तर :

```
magick pan.jpg -channel R -separate lal.png
magick pan.jpg -channel G -separate hirva.png
```

मोबाईलवर करायचं तर स्नॅपसीडमध्ये कृष्णधवलचा पर्याय आहे, त्यात लाल फिल्टर निवडायचा. फ्लॅशचा डाग मात्र यातून जाणार नाही. जिथे पूर्ण पांढरं झालंय तिथे माहितीच शिल्लक नसते. तिथे कुणी काही "उजळून" दाखवलं तर त्यावर विश्वास ठेवू नका, विशेषतः सरकारी कामासाठी. डागाच्या कडेला जिथे फिकट करडं उरलंय तिथे थोडं मिळू शकतं.

शिवार_बार्शी
रेवाताई, कमाल झाली. काकांकडे मूळ फोटो होता, तो मागवला आणि दोन्ही थर वेगळे केले. नवीन चित्रं जोडली आहेत.

लाल थरात : बुधवारचा गोल केलेला आकडा नक्की ५२॥ आहे, दोन रेघा सुट्ट्या दिसतात, सुरकुती त्यांच्या बाजूला आहे. विजयादशमीच्या चौकोनात पेनाने फक्त ३ लिहिलंय, खाली काहीच नाही. रविवारच्या ओळीतल्या तिसऱ्या रकान्यातल्या गोलात ५५ आहे.

हिरव्या थरात : "विजयादशमी" पूर्ण वाचता येतं. पण त्या चौकोनाचा छापील आकडा डागातच आहे, तो गेला तो गेलाच. मोजणीची नोंद गुरुवारच्या ओळीत, विजयादशमीच्याच रकान्यात आहे. तिचाही छापील आकडा डागात.

सुलभा_काकू
मग सुटलं की रे हे! बघ.

रोज सकाळी तीन आणि संध्याकाळी अडीच, म्हणजे दिवसाला साडेपाच लिटर. एक ते दहा, दहा दिवसांचे पंचावन्न. तो तिसऱ्या रकान्यातला ५५, म्हणजे ती १० तारीख, बरोबर बसलं. आता अकरा ते वीसचेही पंचावन्नच व्हायला हवे होते, पण झाले साडेबावन्न. अडीच लिटर कमी. म्हणजे या दहा दिवसांत एका संध्याकाळी दूध डेअरीला गेलंच नाही, घरात ठेवलं. आणि संध्याकाळ कोणत्या चौकोनात रिकामी आहे? दसऱ्याच्या! सणाला घरी गोडधोड असणार, दूध घरात ठेवलं.

आता दसरा २४ ला असता, तर ती तूट तिसऱ्या बिलात आली असती. तिसरं बिल ६०॥ आहे. एकवीस ते एकतीस अकरा दिवस, साडेपाचने साडेसाठ. पुरतं भरलेलं, थेंब कमी नाही. म्हणजे दसरा अकरा ते वीसमध्येच आहे. म्हणजे १७.

धनंजय_अ
काकू, हे वाचून मी तीनदा बेरीज केली. आणि त्या ६०॥ मुळे वरचा डावा चौकोन ३१ तारखेचाच आहे हेही सिद्ध झालं, नाहीतर अकरा दिवस जमलेच नसते. पण एक शंका. दुसऱ्या कुठल्या दिवशी दूध कमी गेलं असेल आणि दसऱ्याच्या चौकोनातला खालचा आकडा नुसताच पुसट झाला असेल तर?

रेवा_स्कॅन
शिवारने जोडलेला लाल थर मी पाहिला. अकरा ते वीसमधल्या बाकीच्या नऊही चौकोनांत खालचा २॥ दिसतो, दोन ठिकाणी अर्धवट. दसऱ्याच्या चौकोनाचा खालचा भाग डागाच्या बाहेर आहे आणि तिथे कागद स्वच्छ आहे, पेनाचा दाब पडल्याची खूणही नाही. पुसलं असतं तर करडेपणा राहिला असता.

नाना_प्रुफवाले
सुलभाताई, हा पुरावा मला सुचला नसता. आता छपाईच्या बाजूनेही बघतो, म्हणजे एकाच खुंटीवर सगळं टांगायला नको.

हिरव्या थरात मंगळवारच्या ओळीत शेवटच्या रकान्यात दोन ओळींचं लाल लिखाण दिसतंय आणि त्याखाली "चंद्रोदय". तो रकाना डागाच्या कडेला आहे, पण २६ वाचता येतात. चंद्रोदय फक्त संकष्टीच्या चौकोनात छापतात. मंगळवारी संकष्टी म्हणजे अंगारकी. २०१० ला २६ ऑक्टोबरला अंगारकी होती, हे मला चांगलं आठवतं. १९९३ च्या त्या ऑक्टोबरात पौर्णिमा महिना लागायच्या आदल्या दिवशी आणि पुन्हा महिन्याच्या शेवटी आली होती, त्यामुळे २६ तारखेला संकष्टी असणं शक्यच नाही. तेव्हा १९९३ इथेही बाद.

आणखी एक. प्रत्येक चौकोनात कोपऱ्याला दोन बारीक आकडे असतात. त्यातला एक भारतीय सौर दिनांक. त्याच्या मागे लागू नका, कारण तो इंग्रजी तारखेला बांधलेला आहे. १७ ऑक्टोबर म्हणजे सौर आश्विन २५, दरवर्षी तेच. त्यावरून साल कळत नाही. दुसरा मुस्लिम महिन्याचा, तो मात्र उपयोगाचा, कारण तो दरवर्षी सुमारे अकरा दिवसांनी मागे सरकतो. ऑक्टोबर २०१० च्या मध्याला जिल्काद चालू होता, १९९९ ला त्याच दिवसांत रज्जब होता. शिवार, दुसऱ्या किंवा तिसऱ्या रकान्यात महिना बदलतो तिथे शब्द छापलेला असतो. वाचता येतोय का बघा.

शिवार_बार्शी
नाना, तिसऱ्या रकान्यात वरच्या बाजूला "जि" आणि पुढे काहीतरी आहे. "रज्जब" नक्की नाही, सुरुवातीला वेलांटी दिसतेय.

कोकणचा_बाळ
मला एक काळजी वाटते. पंचांगांत फरक असतो. आमच्याकडे रत्नागिरीत काही घरं टिळक पंचांग मानतात, आणि काही वर्षी त्यात अधिक महिनाच वेगळा येतो, मग सण महिन्याने मागेपुढे होतात. हे कॅलेंडर कोणत्या पंचांगाचं हे माहीत नसताना एवढ्या खात्रीने साल कसं सांगायचं?

नाना_प्रुफवाले
काळजी योग्य आहे, आणि एकच सण हाताशी असता तर मीही थांबलो असतो. पण भिंतीवर लागणारी छापील कॅलेंडरं बहुतेक सगळी प्रचलित गणिताची असतात. शिवाय इथे वार, दसरा, संकष्टी आणि जिल्काद अशा चार गोष्टी एकाच सालाकडे बोट दाखवतायत. जिल्कादचा तर टिळक पंचांगाशी काहीच संबंध नाही.

मी_जिंतूरकर
छापील पट्टीकडे बघा की! खाली कृषी सेवा केंद्राची जाहिरात आहे, त्यात मोबाईल नंबर ९४२२ ने सुरू होतो. ती बीएसएनएलची महाराष्ट्रातली मालिका आहे, आणि बीएसएनएलची मोबाईल सेवा २००२ च्या ऑक्टोबरात सुरू झाली. १९९३ किंवा १९९९ च्या कॅलेंडरवर तो नंबर छापला जाऊच शकत नाही. मला तिथीतलं काही कळत नाही, पण जुनी बिलं आणि जाहिरातींची तारीख मी नेहमी टेलिफोन नंबरवरून लावतो.

शिवार_बार्शी
मग ठरलं : ऑक्टोबर २०१०. मोजणीची नोंद दसऱ्याच्या रकान्यात गुरुवारी, म्हणजे २१ ऑक्टोबर २०१०. घरात विचारलं, तेव्हा सोयाबीन निघालं होतं आणि रान मोकळं होतं, ज्वारीची पेरणी राहिली होती असं आई म्हणाली. पण नोंदीत "ता. १०" लिहिलंय, म्हणजे मोजणी १० तारखेला होती की काय, असं काका म्हणतायत.

भूकरमापक_निवृत्त
मी भूमी अभिलेखमध्ये होतो, म्हणून लिहितो. १० ऑक्टोबर २०१० रविवार होता, रविवारी मोजणी लावत नाहीत. आजोबांनी "मोजणी ता. १० वा." असं लिहिलंय. "वा." म्हणजे वाजता. "ता." म्हणजे तारीख असती तर पुढे "वा." आलं नसतं. माझ्या मते ते "तातडी" आहे. मोजणीचे तेव्हा साधी, तातडी आणि अतितातडी असे प्रकार असायचे, फी वेगळी आणि मुदतही वेगळी. तातडीची फी भरली असेल तर अर्ज त्या आधीच्या दोन-तीन महिन्यांत पडलेला असावा. "शेजारी सांगणे" म्हणजे लगतच्या खातेदारांना. त्यांना कार्यालयाची नोटीस जातेच, पण जुनी माणसं स्वतः जाऊनही सांगायची. अर्थात हा माझा अंदाज आहे, "ता." वरून सगळं ठरवू नका.

आता कामाचं. कॅलेंडरच्या पानाचा फोटो घेऊन कार्यालयात पुरावा म्हणून मांडू नका, तो तसा चालणार नाही. त्याचा उपयोग रजिस्टर शोधायला. उप अधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे मोजणी नकाशाच्या 'क' प्रतीच्या नकलेसाठी अर्ज करा. त्यात गाव, गट नंबर, त्या वेळच्या अर्जदाराचं म्हणजे आजोबांचं नाव आणि मोजणीची तारीख २१/१०/२०१० लिहा. मो.र.नं. पक्का असला तर काम झटकन होतं. नसला तरी गाव आणि गटावरून शोधता येतं, वेळ लागतो इतकंच. नंबर काय दिसतोय?

शिवार_बार्शी
काका, लाल थरात पहिला आकडा ४ आणि शेवटचा ७ स्पष्ट आहे. मधला १ की ९ यावर घरात दोन तट पडलेत. मी ४१७ म्हणतो, बहीण ४९७ म्हणते.

रेवा_स्कॅन
त्याच माणसाचे बाकीचे आकडे शेजारी ठेवून बघायचे. आजोबांचा १ "१० वा." मध्ये आहे. तो कापून मधल्या आकड्याच्या बाजूला ठेवला. दोन्हींचा वरचा गोल सारखाच आहे, पण "१०" मधल्या १ ची शेपटी सरळ खाली जाते आणि या आकड्याची शेपटी खाली जाताना डावीकडे थोडी वळते. ९ असेल तर तसं वळण येऊ शकतं. पण जागा कमी पडली म्हणूनही माणूस वळवतो, नंबर चौकोनाच्या कडेला आहे. पानावर आजोबांचा नक्की ९ कुठेच नाही, मी सगळे चौकोन पाहिले. दुधात तर ३ आणि २ शिवाय काही येतच नाही. तुलनेला काहीच नसताना मी यावर शिक्का मारणार नाही.

सुलभा_काकू
माझ्या डोळ्यांना तो १ वाटतो. सासरे घाईत लिहायचे तेव्हा त्यांचा १ असाच वळायचा.

अनुष्टुभ
मला ९ वाटतो. आणि गोलाची सुरुवात आतून झालीय, १ ला माणूस तशी सुरुवात करत नाही.

भूकरमापक_निवृत्त
मग दोन्ही लिहा. अर्जात "मो.र.नं. ४१७ किंवा ४९७, सन २०१०" असं लिहिलं तर कुणी हरकत घेत नाही, रजिस्टरमध्ये दोन ओळी बघायच्या आणि गट जुळतो ती घ्यायची. एक सूचना. दोन्ही नंबर दुसऱ्याच गावाचे निघाले तर खचू नका. अर्ज साधा असला तर तो २०१० च्या सुरुवातीला किंवा २००९ अखेरीलाही पडलेला असू शकतो, आणि मो.र.नं. अर्जाच्या सालाचा असतो, मोजणीच्या दिवसाचा नाही. त्यामुळे २००९ चं रजिस्टरही बघायला सांगा. आणि शेजारच्यांच्या घरी मोजणीची नोटीस जपून ठेवलेली असू शकते. वाद असला तरी विचारायला हरकत नाही, त्यावर नंबर छापील असतो.

शिवार_बार्शी
शेजारच्यांना विचारायचं आमच्या मनात आलंच नव्हतं. त्यांचे वडील कागद ठेवणारे होते. काका उद्या त्यांच्याकडे जातायत, आणि सोमवारी मी दोन्ही नंबर, दोन्ही सालं आणि गट लिहून अर्ज देतोय. 'क' प्रत मिळाली की नंबर इथे टाकतो. अजून कुणाला तो मधला आकडा लागला तर जरूर सांगा. मूळ फाईल खाली जोडून ठेवली आहे, दाबलेली नाही.